फोटोओळीत काय लिहावे, काय राखून ठेवावे : शहापूर-मुरबाडमधील पालक आणि शिक्षकांसाठी

शिष्यवृत्ती परीक्षेचा किंवा दहावीचा निकाल लागला, तालुका क्रीडा स्पर्धेत शाळेचा संघ जिंकला, की शहापूर आणि मुरबाड तालुक्यांत मुलाच्या छायाचित्राखाली अभिनंदनाच्या चार ओळी लिहिल्या जातात आणि त्याच ओळी पालकांच्या व्हॉट्सॲप स्टेटसवर, गावच्या ग्रुपवर, शाळेच्या फेसबुक पानावर, स्थानिक साप्ताहिकात आणि नाक्यावरच्या फ्लेक्सवर जशाच्या तशा उमटतात. या ओळींना वृत्तपत्राच्या भाषेत फोटोओळ म्हणतात. ती लिहिताना मुलाविषयी किती सांगावे, याचा निर्णय बहुधा घाईत आणि कौतुकाच्या भरात होतो. पुढील विवेचनाचा निष्कर्ष असा की, लहान वस्तीत मुलाचे नाव लपवून फारसे साधत नाही. मुलाचे यश सविस्तर सांगावे, मात्र त्याचा ठावठिकाणा, दिनक्रम, घरची परिस्थिती आणि कागदपत्रांवरील क्रमांक त्या यशाला जोडू नयेत.

गावाला माहीत असलेले आणि बाहेर जाणारे

ज्या माहितीवरून एखादी विशिष्ट व्यक्ती कोण हे ठरविता येते, तिला ओळख पटविणारी माहिती म्हणतात. तिच्यात नाव येतेच. परंतु नाव नसतानाही दोन-तीन साधे तपशील एकत्र आले की तेच काम होते. मुंबई-ठाण्यासारख्या शहरात ‘आठवीतील एक विद्यार्थिनी’ असे म्हटले, तर ती हजारोंपैकी कोण हे कळत नाही. माळशेज घाटाच्या पायथ्याच्या किंवा कसाऱ्याकडच्या एखाद्या पाड्याचे नाव घेऊन ‘पाड्यातून माध्यमिक शाळेत जाणारी पहिली मुलगी’ असे लिहिले, तर नाव न लिहिताही ती मुलगी निश्चित होते. त्यामुळे आडनाव गाळण्याचा किंवा केवळ आद्याक्षर लिहिण्याचा शहरी उपाय येथे अपुरा पडतो.

गावातील लोकांना मुलाचे नाव, घर, आईवडील आणि शाळा आधीच ठाऊक असतात, म्हणून त्यांच्यासाठी फोटोओळीतील नवी बातमी यशाची एवढीच असते. धोका निर्माण होतो तो ही ओळ गावाबाहेर गेल्यावर. ग्रुपमधील एखादा नातेवाईक ती कल्याणच्या किंवा भिवंडीच्या दुसऱ्या ग्रुपवर पुढे पाठवतो, तेथून ती अनोळखी लोकांच्या हाती पडते, आणि गावातील माणसाला अनेक वर्षांच्या ओळखीतून मिळालेली माहिती परक्या माणसाला एका वाचनात मिळते. म्हणून फोटोओळ कोणासाठी लिहिली आहे यापेक्षा ती कोणाकोणापर्यंत जाऊ शकते, हे गृहीत धरून तिचा मजकूर ठरविणे योग्य ठरते. स्टेटस चोवीस तासांनी आपोआप दिसेनासे होत असले, तरी त्या अवधीत कोणीही त्याचा स्क्रीनशॉट, म्हणजे पडद्यावरील दृश्याची जशीच्या तशी प्रत, काढू शकतो; त्यामुळे तात्पुरता मजकूरही कायमचा समजूनच लिहावा.

एका फोटोओळीचे परीक्षण

हा विचार प्रत्यक्षात कसा लागू करायचा, हे एका कल्पित परंतु नेहमीच्या धाटणीच्या फोटोओळीवरून पाहता येईल. तिच्यात राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक विद्यार्थी शिष्यवृत्ती परीक्षेचा, म्हणजे शिक्षक-पालक जिला ‘एनएमएमएस’ म्हणतात त्या परीक्षेचा, उल्लेख आहे. ही परीक्षा इयत्ता आठवीत होते, महाराष्ट्रात ती पुण्याची राज्य परीक्षा परिषद घेते, कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न साडेतीन लाख रुपयांच्या आत असलेली मुलेच तिला बसू शकतात आणि निवड झालेल्या विद्यार्थ्याला नववीपासून बारावीपर्यंत वर्षाला १२,००० रुपये थेट बँक खात्यात मिळतात. मूळ मजकूर असा असल्याचे समजू :

‘हार्दिक अभिनंदन! अमुक वाडीची कु. (मुलीचे, वडिलांचे नाव आणि आडनाव), इयत्ता आठवी, अमुक विद्यालय, हिची एनएमएमएस परीक्षेत निवड झाली असून तिला वर्षाला १२,००० रुपये शिष्यवृत्ती मिळणार आहे. आईवडील सहा महिने वीटभट्टीवर असतात. ही मुलगी आजीजवळ राहून रोज पहाटे पहिल्या एसटीने एकटी शाळेत जाते. संपर्क : वडिलांचा मोबाइल क्रमांक.’

सोबत मुलगी निकालाचा कागद हातात धरून घरासमोर उभी असल्याचे छायाचित्र आहे.

या मजकुरातील प्रत्येक वाक्य खरे आहे, आणि लिहिणाऱ्याचा हेतूही चांगला आहे. परंतु वाक्ये सुटी न वाचता एकमेकांना जोडून वाचली, म्हणजे त्यांतून काय तयार होते ते दिसते. ‘पहिल्या एसटीने एकटी’ या शब्दांतून मुलगी कोणत्या वेळी, कोणत्या थांब्यावर, कोणाच्या सोबतीशिवाय असते हे कळते. ‘आईवडील सहा महिने वीटभट्टीवर’ आणि ‘आजीजवळ’ या तपशिलांतून घरी कर्ता माणूस केव्हा नसतो हे कळते. वाडीचे नाव आणि घरासमोरचे छायाचित्र यांतून ते घर कोणते हे कळते. यांपैकी एखादा तपशील एकटा असता तर त्याचा फारसा उपयोग कोणाला झाला नसता. ते सर्व एका जागी आल्यामुळे मुलीला नेमके केव्हा आणि कोठे एकटे गाठता येईल, हेच अनोळखी माणसाला सांगितले जाते.

दुसरा धागा पैशाचा आहे. परीक्षेचे नाव, शिष्यवृत्तीची रक्कम, वडिलांचे नाव आणि मोबाइल क्रमांक एकत्र मिळाल्यावर फसविणाऱ्याला आणखी काही शोधावे लागत नाही. ‘तुमच्या मुलीची एनएमएमएस शिष्यवृत्ती मंजूर झाली आहे, खात्याची पडताळणी करायची आहे, मोबाइलवर आलेला ओटीपी सांगा’ असा फोन आला, तर पलीकडच्या माणसाला मुलीचे नाव, शाळा आणि रक्कम बिनचूक माहीत असल्यामुळे तो शिक्षण विभागातूनच आला आहे असे वडिलांना वाटणे स्वाभाविक आहे. ओटीपी म्हणजे एका व्यवहारापुरता चालणारा गुप्त क्रमांक, आणि तो दिला की खात्यातील रक्कम दुसरीकडे वळविता येते. पालकांना फोनवर ओटीपी न देण्याची सूचना करणे आवश्यक आहेच. परंतु फसवणुकीला लागणारा विश्वास फोटोओळीनेच पुरविला असेल, तर ती सूचना ऐन वेळी आठवेलच याची खात्री राहत नाही.

तिसरा मुद्दा मुलीच्या प्रतिष्ठेचा आहे. एनएमएमएसला उत्पन्नाची अट असल्यामुळे परीक्षेचे नाव घेताच जाणकाराला घरची आर्थिक मर्यादा कळते आणि तेवढे टाळता येत नाही, कारण यशाचे नावच ते आहे. मात्र त्यापुढे जाऊन वीटभट्टी, स्थलांतर आणि आईवडिलांची अनुपस्थिती यांचे वर्णन करणे हा लिहिणाऱ्याचा निर्णय असतो, यशाचा भाग नसतो. आठवीतील मुलगी चार वर्षांनी शहापूर, मुरबाड किंवा कल्याणच्या महाविद्यालयात प्रवेश घेईल, तेव्हा वर्गमैत्रिणींना तिच्या नावाने जुनी फोटोओळ सापडली, तर तिची ओळख तिच्या बुद्धीऐवजी गरिबीने होईल. ती ओळख स्वीकारायची की नाही, हे ठरविण्याचा अधिकार तिचा आहे आणि तेराव्या-चौदाव्या वर्षी तो इतरांनी परस्पर वापरू नये.

सुधारलेला मजकूर

वरील परीक्षणानंतर सार्वजनिक फोटोओळ अशी लिहिता येईल :

‘मुरबाड तालुक्यातील आठवीची विद्यार्थिनी (मुलीचे नाव आणि आडनाव) हिची एनएमएमएस परीक्षेत निवड झाली. बौद्धिक क्षमता चाचणीतील आकृत्यांच्या मालिका तिला आरंभी अवघड जात होत्या. वर्षभर जुन्या प्रश्नपत्रिका सोडवून तिने त्याच भागात सर्वाधिक प्रगती केली. तिचे आणि मार्गदर्शक शिक्षकांचे अभिनंदन.’

येथे नाव राहिले आहे, कारण श्रेय नावाशिवाय मिळत नाही आणि गावात ते लपणारही नाही. वाडीच्या जागी तालुका आला, कारण वाडीवरून घर सापडते आणि तालुक्यावरून सापडत नाही. शाळेचे नाव गाळले आहे; मात्र फोटोओळ शाळेच्याच पानावर जाणार असेल तर शाळा आपोआप कळते, आणि अशा वेळी आडनाव गाळून केवळ पहिले नाव व इयत्ता ठेवणे अधिक सुरक्षित असते. रक्कम, मोबाइल क्रमांक, एसटीची वेळ आणि आईवडिलांचे काम पूर्णपणे वगळले आहे. निकालाचा कागद आणि घर छायाचित्रातून काढून मुलीचा चेहरा व साधी भिंत एवढेच ठेवले आहे. वगळलेल्या तपशिलांनी मोकळी झालेली जागा मुलीने प्रत्यक्ष काय केले याला मिळाली, आणि मूळ मजकुरात नेमके तेच एकदाही आले नव्हते, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

आजोळ, मामाचे गाव किंवा जवळचे नातेवाईक यांना अधिक सांगायचे असेल, तर ते स्वतंत्र संदेशातून किंवा फोनवर सांगावे. महाविद्यालयीन शिक्षणासाठी एखाद्या समाजसंस्थेकडून मदत मिळविण्याकरिता घरची परिस्थिती सांगणे आवश्यक असेल, तर ती त्या संस्थेला अर्जातून कळवावी. देणाऱ्याला जे समजणे गरजेचे आहे ते सर्व गावाला समजणे गरजेचे नसते.

छायाचित्रातील अक्षरेही मजकूरच

फोटोओळ जपून लिहिली आणि छायाचित्रात मुलाच्या हाती गुणपत्रक तसेच राहिले, तर सगळी काळजी वाया जाते. दहावीच्या बाबतीत ही गोष्ट विशेष लक्षात ठेवावी लागते. राज्य मंडळाचा ऑनलाइन निकाल पाहण्यासाठी विद्यार्थ्याचा बैठक क्रमांक आणि आईचे पहिले नाव, एवढ्या दोनच गोष्टी विचारल्या जातात. परीक्षेपूर्वी ‘शुभेच्छा’ म्हणून प्रवेशपत्राचे छायाचित्र ग्रुपवर टाकले, तर बैठक क्रमांक सर्वांच्या हाती जातो, आईचे नाव गावाला ठाऊकच असते, आणि निकालाच्या दिवशी मुलाने स्वतः पाहण्यापूर्वीच त्याचे विषयवार गुण शेजारी पाहू शकतो. प्रमाणपत्रांवर जन्मतारीख, विद्यार्थी क्रमांक किंवा आधार क्रमांकाचे अंक असू शकतात. शाळेच्या गणवेशावरील बिल्ला, मागील फलक आणि दारावरची पाटीही वाचता येते.

यावर उपाय सोपा आहे. छायाचित्र पाठविण्यापूर्वी बोटांनी मोठे करून त्यातील प्रत्येक अक्षर वाचावे, आणि जे वाचता येते ते फोटोओळीत लिहिले असते काय, असे स्वतःला विचारावे. उत्तर नकारार्थी असेल तर तो भाग कापावा. क्रमांकावर बोट ठेवून छायाचित्र काढणे किंवा तो भाग पुसट करणे यापेक्षा कापणे अधिक खात्रीचे असते, कारण पुसट केलेली मोठी अक्षरे अनेकदा तरीही ओळखता येतात. आणखी एक तांत्रिक बाब अशी की, मोबाइलने काढलेल्या मूळ छायाचित्रात ते कोणत्या जागी काढले याची नोंद दडलेली असू शकते. व्हॉट्सॲपवर ते नेहमीच्या पद्धतीने फोटो म्हणून पाठविले तर ही नोंद निघून जाते, परंतु छपाईला चांगले यावे म्हणून ते ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठविले तर मूळ धारिका नोंदीसह जाते. फ्लेक्सवाल्याला किंवा साप्ताहिकाला छायाचित्र पाठविताना बहुधा हाच मार्ग वापरला जातो, म्हणून कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये स्थाननोंद आधीच बंद करून ठेवावी.

वेळ : परत आल्यानंतर लिहावे

क्रीडा स्पर्धा, विज्ञान प्रदर्शने आणि सहली यांबाबत मजकुराइतकीच प्रसिद्धीची वेळ महत्त्वाची असते. ‘आमच्या शाळेच्या मुली आज अमुक ठिकाणी मुक्कामी आहेत, उद्या सकाळी उपांत्य सामना’ ही ओळ मुली घरापासून दूर असताना त्या कोठे आहेत हे सांगते; तीच बातमी मुली परतल्यानंतर ‘जिल्हास्तरीय कबड्डी स्पर्धेत उपांत्य फेरी गाठली’ अशी दिली, तर यश तेवढेच कळते आणि ठावठिकाणा जुना झालेला असतो. पालकांना मुलींची खुशाली त्याच दिवशी हवी असते, हे रास्त आहे. त्यासाठी केवळ त्या संघाच्या पालकांचा वेगळा ग्रुप करावा आणि शाळेचे सार्वजनिक पान त्यासाठी वापरू नये. मुलाचा ठरलेला सराव, शिकवणीची वेळ आणि रोजची गाडी हे तपशील कधीच जुने होत नाहीत, म्हणून ते परतल्यावरही लिहू नयेत.

पालक दूर असतील तेव्हा संमती

शहापूर येथे आदिवासी विकास विभागाचे प्रकल्प कार्यालय असून या परिसरातील शासकीय व अनुदानित आश्रमशाळांत ठाकूर, कातकरी, महादेव कोळी, वारली अशा समाजांची मुले राहून शिकतात. तेथे फोटोओळ बहुधा शिक्षक किंवा अधीक्षक लिहितात आणि पालकांपर्यंत ती कधी पोहोचतही नाही. प्रवेशाच्या वेळी भरलेल्या अर्जावरील सहीला प्रसिद्धीची संमती समजू नये. पालक सुट्टीसाठी मुलांना न्यायला येतात किंवा पालकसभेला येतात, तेव्हा प्रत्यक्ष छायाचित्र दाखवून, मजकूर वाचून दाखवून आणि तो कोठे लागणार हे सांगून विचारावे. पालकांपूर्वी मुलाला विचारावे, तेही वर्गासमोर न विचारता एकट्याला विचारावे, कारण सर्वांसमोर नकार देणे मुलाला जड जाते. समाजाचे नाव लिहावे की नाही, हा प्रश्नही याच वेळी सोडवावा. ‘कातकरी समाजातील पहिली पदवीधर’ हे कोणाला अभिमानाने सांगावेसे वाटते, कोणाला वाटत नाही. म्हणून यासाठी सरसकट नियम न करता त्या व्यक्तीचे उत्तर ग्राह्य धरावे.

कायद्याची स्थितीही थोडक्यात जाणून घेणे उपयुक्त आहे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानुसार अठरा वर्षांखालील व्यक्ती बालक ठरते आणि बालकाच्या माहितीचा डिजिटल वापर करणाऱ्या संस्थेने पालकांची पडताळून घेतलेली संमती मिळवावी लागते. या कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर झाले असून संमतीविषयक मुख्य तरतुदींसाठी अठरा महिन्यांची मुदत देण्यात आली आहे. आईवडिलांनी केवळ घरगुती कारणासाठी केलेला वापर या कायद्याबाहेर आहे; म्हणून पालकाने स्वतः काय प्रसिद्ध करावे याचे उत्तर कायदा देत नाही, ते विवेकानेच द्यावे लागते.

एका बाबतीत मात्र कायदा आजच कठोर आहे. २०१५ च्या बाल न्याय अधिनियमाच्या कलम ७४ अन्वये काळजी व संरक्षणाची गरज असलेले, विधिसंघर्षग्रस्त, गुन्ह्याला बळी पडलेले किंवा साक्षीदार असलेले बालक ओळखू येईल असे नाव, पत्ता, शाळा, छायाचित्र किंवा अन्य तपशील अशा प्रकरणासंदर्भात प्रसिद्ध करण्यास मनाई आहे आणि त्यासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद, दोन लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. बालगृहातील मुलाचे यश ‘अनाथ असूनही’ अशा शब्दांत सांगणारा, किंवा अत्याचाराला सामोऱ्या गेलेल्या मुलीविषयी ‘मोठ्या आघातातून सावरून’ असे सूचकपणे लिहिणारा शुभेच्छुकही या मर्यादेचा भंग करू शकतो. अशा मुलांच्या बाबतीत यश आणि पूर्वेतिहास यांचा उल्लेख एकत्र होऊच द्यायचा नाही, एवढे पथ्य पाळावे.

चूक झाल्यास

नको ते प्रसिद्ध झाले असे लक्षात आले, तर प्रथम ज्या ज्या ठिकाणी मजकूर गेला त्यांची यादी करावी. व्हॉट्सॲपवर पाठविणाऱ्याला आपला संदेश सर्वांसाठी काढून टाकण्यास सुमारे दोन दिवसांची मुदत असते; ग्रुपचा ॲडमिन इतरांचे संदेशही काढू शकतो, म्हणून गावच्या ग्रुपवर त्यालाच सांगणे सोयीचे ठरते. फेसबुकवर मजकूर केवळ दुरुस्त करून भागत नाही, कारण आधीचा मजकूर संपादनाच्या इतिहासात वाचता येतो. मूळ पोस्ट काढून नवी टाकावी. फ्लेक्स उतरविण्यास लावणाऱ्या मंडळाला त्याच दिवशी सांगावे. ज्यांनी छायाचित्र आधीच जतन केले त्यांच्या मोबाइलमधून ते निघत नाही, त्यामुळे जे बदलता येते ते बदलावे : मुलाच्या जाण्यायेण्यास काही दिवस सोबत द्यावी, मोबाइल क्रमांक गेला असेल तर त्यावर येणाऱ्या शिष्यवृत्तीच्या फोनबाबत घरातील सर्वांना सावध करावे, आणि शंका आल्यास खात्री शाळेच्या मुख्याध्यापकांकडून करून घ्यावी.

पैसे गेले असल्यास १९३० या क्रमांकावर तत्काळ कळवावे, कारण रक्कम पुढे वळविली जाण्यापूर्वी ती रोखण्याची शक्यता पहिल्या काही तासांतच अधिक असते. छायाचित्राचा गैरवापर, पाठलाग किंवा धमकी असा प्रकार असेल तर संबंधित संदेशांचे स्क्रीनशॉट, क्रमांक आणि वेळ जपून ठेवून मगच ते काढावेत, १०९८ या बालसाहाय्य क्रमांकावर किंवा cybercrime.gov.in या संकेतस्थळावर तक्रार करावी आणि ठाणे ग्रामीण पोलिसांच्या जवळच्या ठाण्यात ते पुरावे दाखवावेत. या सर्व काळात मुलाला दोष देऊ नये. मजकूर मोठ्यांनी लिहिलेला असतो, आणि पुढच्या वेळी तो प्रसिद्ध होण्यापूर्वी मुलाला वाचून दाखविण्याची जबाबदारीही मोठ्यांचीच असते.